शिळ्या कॉफीची तक्रार कशी लिहायची

अरे, नुसतं 'कॉफी बेकार निघाली' लिहिशील तर 'चव ज्याची त्याची' म्हणून विकणारे हात झटकतील. माझं पहिलं पत्र असंच वाया गेलं. पाकिटावरची भाजल्याची तारीख बघ, पॅकिंगची नव्हे. तिचा आणि कुरिअरच्या लेबलचा फोटो जोड. मग एवढंच लिही:

'ऑर्डर क्रमांक अमुक. बिया 12 मार्चला भाजलेल्या, नागपुरात 9 जूनला मिळाल्या, म्हणजे 89 दिवसांनी. ताज्या दळलेल्या पुडीवर गरम पाणी ओतलं तरी ती फुगली नाही, बुडबुडे आले नाहीत. पूर्ण पैसे परत करा.'

आपल्या उन्हाचा विषय काढू नकोस, दोष उन्हावर ढकलतील! उरलेल्या बिया जपून ठेव, परत मागतात. 48 तासांत पोच आली नाही, तर ग्राहक हेल्पलाइन 1915.