फाउंटन पेनच्या सहीतला दाब आणि ओघ छायाचित्रावरून कसा वाचावा?

प्रश्न: "नांदेडच्या एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडे मुक्तिसंग्रामातील एका नेत्याचा सही केलेला फोटो आहे. सही फाउंटन पेनची आहे, खाली 17 सप्टेंबर 1949 ही तारीख आहे आणि तो 14 हजार रुपये मागतो. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली सही आणि माझ्याजवळच्या पत्रांवरच्या सह्या मला सारख्याच दिसतात. नुसत्या छायाचित्रांवरून खरे-खोटे ठरवता येते का?"

उत्तर:

सही खोटी असेल तर चांगल्या छायाचित्रावरून ते बऱ्याचदा कळते. ती खरीच आहे, एवढी खात्री मात्र छायाचित्र देऊ शकत नाही. मी लातूर जिल्ह्यात एका बँकेत अनेक वर्षे धनादेशावरची सही नमुना सहीशी ताडून पाहण्याचे काम केले आणि निवृत्तीनंतर जुनी पत्रे व स्वाक्षऱ्या जमवतो. त्या अनुभवावरून सांगतो की "सारखी दिसते" हा निकष सर्वांत कमी भरवशाचा आहे, कारण नक्कल करणारा सगळी मेहनत आकारावरच घेतो. त्याला आकार दिसतो. मूळ माणसाचा हात कोठे वेगाने गेला, कोठे दाबला गेला आणि कोठे उचलला गेला, हे सहजासहजी दिसत नाही.

फाउंटन पेनच्या बाबतीत हे वाचणे त्यामानाने सोपे असते. त्याची निब मधोमध चिरलेली असते. हात खाली येताना दाब वाढला की निबेची दोन टोके थोडी फाकतात आणि रेषा रुंद होते. हात वर जाताना दाब कमी होऊन रेषा बारीक होते. येथे बरेच जण एक चूक करतात आणि सुरुवातीला मीही ती केली आहे: गडद रेषा म्हणजे दाबून काढलेली रेषा, असे ते समजतात. दाबामुळे रेषेची रुंदी वाढते, तर गडदपणा बऱ्याचदा पेन रेंगाळल्यामुळे येतो, कारण पेन थांबले की त्या जागी शाई साचते. म्हणून रुंदी न वाढता मध्येच काळपट ठिपका दिसला, तर तेथे हात अडखळला असावा, अशी शंका घ्यावी.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका परिचितासमोर असाच एक फोटो आला होता. सही देवनागरीत, आडनावाच्या शेवटी "कर". ज्यांची ती सही म्हटली जात होती, त्या गृहस्थांच्या घरच्या कागदपत्रांत 1948 ते 1953 या काळातील सात पत्रे मिळाली, म्हणजे काळ जवळचा आणि साधनही तेच. आम्ही सातही सह्या सपाट स्कॅनरवर 600 डीपीआयने स्कॅन केल्या, पडद्यावर मोठ्या करून प्रत्येक रेषेची सुरुवात, शेवट, वळण आणि रुंदी कागदावर टिपली आणि त्यानंतरच शंकास्पद सही उघडली. हा क्रम मी आवर्जून पाळतो, कारण शंकास्पद सही आधी पाहिली की नमुन्यांत आपल्याला हवे तेच दिसू लागते.

सातही सह्या एकमेकींपासून थोड्याथोड्या वेगळ्या होत्या, तरी काही सवयी सर्वांत सारख्या होत्या. "क"चा उभा दंड खाली येताना रुंद होत जाई आणि त्याचे गोल पोट एका दमात, बारीक रेषेत फिरे. शेवटच्या "र"चा पाय उजवीकडे भिरकावल्यासारखा जाई आणि निमुळता होत कागदावरून नाहीसा होई, कारण पेन उचलले जात असतानाही हात पुढे चाललेला असे. शिरोरेषा सगळ्यांत शेवटी, एका झटक्यात ओढलेली असावी, कारण तिचे दोन्ही टोक निमुळते होते आणि ती काही अक्षरांना शिवतही नव्हती.

फोटोवरच्या सहीत आकार अचूक होता. पण दंडाची रुंदी वरपासून खालपर्यंत एकसारखी होती. "क"च्या पोटात, जेथे सातपैकी एकाही सहीत हात थांबला नव्हता, तेथे एक सांधा आणि काळा ठिपका होता. "र"चा पाय बोथट संपत होता. शिरोरेषा दुरून सरळ वाटे, पण मोठी केल्यावर तिच्या कडा बारीक थरथरत होत्या, सावकाश ओढलेल्या रेषेच्या थरथरतात तशा. शेवटी, जुन्या एका स्मरणिकेत छापलेली त्यांची सही आम्ही त्याच मापाची करून, अर्धपारदर्शक करून तिच्यावर ठेवली, तर दोन्ही जवळजवळ तंतोतंत जुळल्या. हा जुळणेपणाच पुराव्यासारखा होता, कारण कोणताही माणूस दोनदा तंतोतंत सारखी सही करत नाही. छपाईत बाह्यरेषा आली होती, पण शाईच्या गडद-फिक्या छटा आणि पेन उचलल्याच्या खुणा आल्या नव्हत्या. नकलेतही नेमके तेच हरवले होते.

आता मर्यादा. थरथर दिसली म्हणजे सही खोटी, असे नाही. वृद्ध किंवा आजारी माणसाची खरी सही थरथरते, मात्र ती थरथर अनियमित असते आणि मध्येमध्ये मोकळे, बेफिकीर फटकारेही असतात. नक्कल करणाऱ्याची थरथर अवघड वळणांवर आणि लांब रेषांवर दाटते आणि सुरुवात-शेवट फार जपून केलेले दिसतात. उभ्याने, गर्दीत किंवा खराब निबेने केलेली सहीही वेगळी पडते. दुसऱ्या बाजूला, ओघवती सही म्हणजे खरी, असेही नाही. अमेरिकेत एफबीआयने "ऑपरेशन बुलपेन" या तपासात खेळाडूंच्या खोट्या सह्यांचे मोठे जाळे उघडे पाडले, त्यात मदर तेरेसांच्या खोट्या सहीचे बेसबॉलसुद्धा सापडले होते. सराव केलेला माणूस पाहून न काढता सवयीने सही करू लागतो. तेव्हा ओघ येतो आणि प्रमाणे चुकतात. म्हणून ओघ चांगला असेल तेव्हा अक्षरांची उंची, अंतर आणि उतार पुन्हा तपासावा लागतो.

तुमच्या प्रकरणात मला पहिली अडचण नमुन्यांची वाटते. तुमची पत्रे 1949 च्या आसपासची आहेत की पंधरा-वीस वर्षांनंतरची, हे आधी पाहा, कारण तेवढ्या काळात सही बदलू शकते. दुसरी अडचण त्या व्हॉट्सअ‍ॅप छायाचित्राची. पाठवताना चित्राची फाइल लहान केली जाते, बारीक कडा पुसट होतात आणि फोनही आपल्या परीने रेषा गुळगुळीत करतो. अशा चित्रावर रुंदी किंवा थरथर मोजणे व्यर्थ आहे. शिवाय चकचकीत फोटोवर शाई कागदासारखी मुरत नाही, ती वर थेंबाथेंबाने बसते, त्यामुळे पत्रावरच्या सहीशी गडदपणाची तुलना करूच नका. रुंदी, वळणे आणि टोकेच पाहा.

विक्रेत्याकडून सहीचा 600 डीपीआयचा स्कॅन मागा आणि तो छायाचित्र म्हणून नव्हे, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. अंधाऱ्या खोलीत फोटोच्या कडेला, जवळजवळ पृष्ठभागाच्या पातळीत टॉर्च धरून घेतलेले एक छायाचित्रही मागा. अशा तिरप्या उजेडात निबेचा दाब पडलेल्या जागी बारीक चर दिसतात. हे चर शाईच्या रेषेपासून किंचित बाजूला सरकलेले दिसले, तर कोणीतरी आधी टोकदार वस्तूने आकार उमटवून मग त्यावर शाई फिरवली असण्याची शक्यता आहे. तारीखही सहीसोबतच लिहिली असेल, तर तिच्या अंकांतला दाब आणि शाई सहीशी जुळायला हवी. सही खरी आणि तारीख नंतर घातलेली, असेही मी पाहिले आहे. तो एवढे द्यायला तयार नसेल, तर 14 हजार देऊ नका.