रुपया घसरला तरी आपला माल बाहेर महाग कसा पडतो? नॉमिनल आणि रिअल रेटमध्ये नेमका फरक काय?

नॉमिनल रेट म्हणजे डॉलरला किती रुपये एवढंच, रिअल रेट त्यात दोन्हीकडची महागाई धरतो, म्हणून माल खरंच स्वस्त पडतोय का ते त्यातच कळतं. समजा शिरोलीतल्या फाउंड्रीचं एक कास्टिंग ८०० रुपयांचं आणि डॉलर ८० ला, म्हणजे १० डॉलर, अमेरिकेतलं तसलंच कास्टिंगपण १० लाच. आता डॉलर ८४ झाला, सगळे म्हणणार निर्यातवाल्यांची चांदी, पण इकडं भाव १० टक्के वाढून कास्टिंग ८८० ला गेलं आणि तिकडं फक्त २ टक्के वाढ. ८८० भागिले ८४ म्हणजे जवळपास १०.४८ डॉलर, तिकडचं १०.२० ला. झालं, रुपया पडूनसुद्धा आपणच महाग! रिअल रेट काढा, ८४ × १०२ ÷ ११० म्हणजे साधारण ७८, आधी ८० होता, इथं आकडा खाली आला म्हणजे रुपया खरंतर महाग झाला.

रिझर्व्ह बँक ४० चलनांच्या बास्केटवर असाच रीअर नावाचा इंडेक्स काढते, फक्त तिथं आकडा उलटा वाचायचा, वर गेला की रुपया महाग. आणि तो किरकोळ महागाईवर असतो, त्यात भाजीपालाही येतो, त्यामुळं पिग आयर्न आणि विजेवर चालणाऱ्या फाउंड्रीचं गणित त्याहून वेगळं निघू शकतं.