दिंडोरी रोडची स्वस्त शेड की अंबडचा महाग गाळा?

प्रश्न: एक सेकंड हँड व्हीएमसी आणि दोन लेथ टाकून जॉबवर्क सुरू करायचंय. अंबडला गाळा १६ रुपये स्क्वेअर फूट सांगतायत, दिंडोरी रोडला गावाकडं तशीच १५०० फुटांची शेड ८ रुपयांनी मिळतेय. मालक म्हणतो लाईट चोवीस तास आहे. कामगार तिकडं येतील का? काय करू?

उत्तर:

दादा, मी स्वतः हे करून बसलोय. म्हसरूळच्या पुढं शेड घेतली होती, अडीच वर्षं काढली आणि शेवटी अंबडला परत आलो. तुमचे आकडे बघितले तर माझीच गोष्ट कोणीतरी परत लिहिलीय असं वाटलं. भाडं आपण पहिलं बघतो कारण ते एकच असं आहे की मालक तोंडावर सांगतो, बाकीचे खर्च कोणी सांगत नाही, ते महिन्याच्या शेवटी आपले आपण सापडतात.

आधी त्या चोवीस तासांचं बघू. माझ्या मालकानं पण हेच सांगितलं होतं आणि खोटं नव्हता बोलला बिचारा. शेडमध्ये गेलो, बटण दाबलं, बल्ब लागला, पंखा फिरला, झालं. पण बल्बला एक फेज लागते आणि आपल्या मशीनला तिन्ही लागतात. दिंडोरी-निफाडकडं सगळा द्राक्षाचा पट्टा, पंपांचा लोड प्रचंड, त्यामुळं शेतीच्या फीडरवर थ्री फेज आठ तास मिळते, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आणि उरलेल्या वेळात बऱ्याच ठिकाणी लाईन सिंगल फेजवर असते म्हणजे गावातले दिवे-टीव्ही चालू राहतात. मालकाच्या दृष्टीनं लाईट आहेच. तुमच्या कंप्रेसरच्या दृष्टीनं नाही, तो नुसता घुं घुं करतो आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवलेला नसेल तर वाईंडिंग जळतं.

म्हणून मालकाला "लाईट आहे का" असं विचारूच नका, "शेड कुठल्या फीडरवर आहे" ते विचारा, आणि त्याला माहीत नसणार म्हणून लाईनमनला गाठा. त्याला दोन गोष्टी विचारायच्या: हा गावठाण फीडर आहे, शेतीचा आहे की इंडस्ट्रियल, आणि ज्या डीपीवरून सप्लाय येणार ती किती केव्हीएची आहे आणि तिच्यावर अजून काय काय आहे. माझ्या शेडची डीपी ६३ केव्हीएची होती आणि तिच्यावर निम्मी वस्ती, दोन पिठाच्या गिरण्या आणि मी. अशा ठिकाणी तुम्ही लोड वाढवून मागितला तर नवीन ट्रान्सफॉर्मर आणि पोलचा खर्च तुमच्या गळ्यात पडू शकतो, आणि भाड्याची जागा सोडून निघाल तेव्हा ते सगळं तिथंच राहतं.

मग इलेक्ट्रिशियनला घेऊन दोनदा जा, एकदा सकाळी सातच्या आसपास पंप चालू असताना आणि एकदा दुपारी. मल्टिमीटर लावून आर-वाय, वाय-बी, बी-आर तिन्ही रीडिंग लिहून घ्या. ४१५ ला सहा टक्के कमी म्हणजे साधारण ३९०, तिथपर्यंत ठीक. माझ्याकडं सकाळी ३५२ यायचं आणि तेही एका फेजला, बाकीच्या दोन बऱ्या असायच्या, कारण गावातली निम्मी घरं एकाच फेजवर टाकलेली. त्यासाठी अनबॅलन्स टाईपचा सर्वो स्टॅबिलायझर घ्यावा लागला, साधा चालत नाही. स्टॅबिलायझरनं कमी व्होल्टेज सावरतं हे खरं, पण लाईट गेली तर तो काही करू शकत नाही.

आणि लाईट जाणं म्हणजे नुसतं काम थांबणं नाही हो, हे व्हीएमसीवर काम केल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडं कास्ट आयर्नची हाउसिंग होती, एका नगात तीन बोअर. दोन झाले होते, तिसऱ्याचं फिनिश बोरिंग चालू, आणि लाईट गेली. गेली म्हणजे काय, पापणी लवावी एवढीच, ट्यूबलाईट फडफडली आणि परत लागली. पण तेवढ्यात कॉन्टॅक्टर सुटला, ॲक्सिस जागच्या जागी थांबले, स्पिंडल मात्र आपल्या वजनानं दोन-चार सेकंद फिरतच राहिला, म्हणजे टूल एकाच जागी घासत बसलं. झेडचा ब्रेक पकडेपर्यंत हेड केसभर खाली बसतं ते वेगळं. परत होमिंग करून बोअर बघितला तर आत बांगडीसारखी गोल रेघ, नख फिरवलं की अडकायचं. कस्टमरकडचा क्वालिटीवाला पण तेच करतो, गेज लावायच्या आधी नख फिरवतो. कास्टिंग कस्टमरचं होतं, डेबिट नोट माझ्या नावावर.

डीजी का नाही ठेवला असं विचाराल. ठेवला होता. एक लिटर डिझेलला साधारण तीन युनिट निघतात, नव्वदच्या पुढचं डिझेल धरलं तर युनिट तीस रुपयाला पडलं. मशीन, कंप्रेसर मिळून दहा किलोवॅट खरंच ओढत असेल तर तासाला तीनशे रुपयांचं डिझेल, आणि जॉबवर्कचा रेट तासाला चारशे. ऑपरेटरचा पगार कशातून द्यायचा? शिवाय डीजी चालू होतो लाईट गेल्यानंतर, बोअरमधली रेघ पडते लाईट जाताना.

आता कामगार. येतील का तर येतील, पण कोण येणार हे बघा. हेल्पर गावातच मिळतो, पेठ-सुरगाण्याकडची पोरं पण असतात आणि कामाला चांगली असतात. फक्त ऑक्टोबरची छाटणी आणि मग जानेवारी ते एप्रिल द्राक्षाची काढणी, तेव्हा तीच पोरं बागेत जातात, रोज जास्त मिळतो आणि गावातले सगळे टोळीनं सोबत असतात. त्यांचं काही चूक नाही, पण आपला डिस्पॅच मार्चअखेरीलाच असतो. ऑपरेटर-सेटर मात्र सातपूर-सिडकोकडं राहतो, आयटीआय करून तिकडच्याच कंपन्यांत हात बसलेला असतो. त्याला म्हसरूळच्या पुढं बोलवायचं तर पेट्रोल द्यावं लागतं, सेकंड शिफ्टला रात्री साडेअकराला त्या रस्त्यानं एकटा जायला तो तयार होत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अंबडमध्ये कोणी पाचशे रुपये जास्त दिले की तो सोमवारी येतच नाही. तिकडं बदली माणूस चहाच्या टपरीवर विचारलं तरी मिळतो, गावाकडं आठवडाभर मशीन झाकून ठेवायची वेळ येते.

मी एका वहीत सहा महिने लिहून ठेवलं होतं, त्याची सरासरी सांगतो, भाडं तुमच्याच दरानं धरतो म्हणजे तुम्हाला जुळवता येईल. १५०० फुटांवर ८ रुपयांचा फरक म्हणजे महिन्याला १२,००० वाचले. लाईटमुळं महिन्याला साधारण २५ तास मशीन उभं राहायचं, मशीन बंद असताना टूल आणि युनिट वाचतं म्हणून तासाचे चारशे न धरता तीनशेच धरले तरी ७,५०० गेले. रिजेक्शन आणि तुटलेली इन्सर्ट मिळून २,०००. हार्डनिंग, प्लेटिंग, वायरकट, इन्सर्टवाला सगळे सातपूर-अंबडलाच, त्यामुळं छोटा हत्तीच्या आठ फेऱ्या जास्तीच्या, फेरीला ७०० प्रमाणे ५,६००. तीन ऑपरेटरचं पेट्रोल ४,५००. बेरीज १९,६००. म्हणजे १२,००० वाचवायला मी १९,६०० घालवत होतो, आणि यात डीजीचा हप्ता नाही की घरच्यांची बोलणी नाहीत.

पण म्हणून गावाकडची शेड वाईटच असंही नाही. माझ्या शेजारच्या गटात एकाचं फॅब्रिकेशन आहे, गेट, ग्रील, द्राक्षबागेचे अँगल, त्याचं मस्त चाललंय. वेल्डिंग करताना लाईट गेली तर आल्यावर तिथूनच पुढं टाका लावतो, नग वाया जात नाही. त्याला जागा मोठी लागते आणि गिऱ्हाईक त्याच रस्त्यावर आहे. त्यानं अंबडला जाणं हा वेडेपणा झाला असता.

तुमचं काम मशिनिंगचं आहे, तर माझं मत विचाराल तर प्रश्न जागेच्या दराचा नाहीच, फुटांचा आहे. एक व्हीएमसी आणि दोन लेथला १५०० फूट कशाला? व्हीएमसीला मागचा पॅनल उघडायला आणि चिप काढायला जागा सोडून बारा बाय बारा धरा, लेथला बार लोड करायला लांबी धरा, एक इन्स्पेक्शन टेबल, मटेरियलचा कोपरा, ८०० फुटांत सगळं बसतं. ८०० गुणिले १६ म्हणजे १२,८००. गावाकडच्या शेडचं भाडं १२,०००. अर्धा गाळा भाड्यानं देणारे अंबडला बरेच सापडतात, बोर्ड लागत नाही त्यांचा, फिरून विचारावं लागतं.

अर्धा गाळा घेताना मात्र मीटर वेगळा आहे का बघा, सबमीटरवर मालक मनाला येईल तो दर लावतो. त्याचं वीजबिल हातात घ्या आणि टॅरिफ औद्योगिक आहे का, मंजूर लोड किती आणि थकबाकी आहे का एवढं वाचा. मीटर दुसऱ्या कॅटेगरीचा असेल आणि तुम्ही त्याच्यावर मशीन चालवलं तर कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते. लोड २० किलोवॅटच्या वर गेला की स्थिर आकार डिमांडवर लागायला लागतो, तुमचं मशीन १५ किलोवॅटचं असेल तर लेथ आणि कंप्रेसर धरून त्या रेषेच्या अगदी जवळ आहात, तेव्हा अर्ज भरायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून बेरीज करून घ्या. एमआयडीसीचा प्लॉट लीजचा असतो, पोटभाड्याला एमआयडीसीची परवानगी लागते, ते पत्र मालकाकडं आहे का हेही ॲडव्हान्स द्यायच्या आधी बघा.

आणि टेप घेऊन जा, दरवाजाची उंची मोजा. मी आठ फुटी शटरचा गाळा फायनल केला होता, मशीन नऊ फुटांचं निघालं, हायड्रा दारात उभी, ताशी भाडं चालू, आणि आम्ही शटरची पेटी खोलत बसलो होतो.