आजीचे बारा आणि घड्याळाचे पावणेएक

प्रश्न: शिक्षकांना विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आले नाही आणि त्यातूनच सगळा वर्ग काहीतरी शिकला, अशी एखादी छोटी गोष्ट सांगाल का?

साताऱ्याजवळच्या एका गावात मी सातवीला भूगोल आणि विज्ञान शिकवत होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. दुपारी बारा वाजता सूर्य आकाशात सर्वांत उंच येतो, असे मी नेहमीप्रमाणे सांगितले आणि पुढे निघालो, तेवढ्यात मधल्या रांगेतील एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, "सर, आमची आजी घड्याळ बघत नाही. ओट्याच्या भिंतीवरचं ऊन सरलं की ती म्हणते बारा वाजले. पण तेव्हा घड्याळात पावणेएक झालेले असतात. मग आजी चुकते की घड्याळ?"

घर पूर्वाभिमुख होते. सकाळभर ओट्याच्या भिंतीवर ऊन असे आणि सूर्य माथ्यावरून पश्चिमेकडे कलला की ते नाहीसे होई. म्हणजे आजीचे निरीक्षण बरोबर असायला हवे होते, आणि घड्याळही चुकीचे नव्हते. पाऊण तासाचा हा फरक कुठून आला, ते मला सांगता येईना. मी तसे वर्गाला स्पष्ट सांगितले, तिचा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि तो पुसायचा नाही असे ठरले. उत्तर कुठेतरी शोधून दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवणे मला शक्य होते. परंतु तिने भिंतीकडे पाहून प्रश्न विचारला होता, तेव्हा त्याचे उत्तरही मोजूनच यावे असे मला मनापासून वाटले.

पहिला प्रयत्न फसला. मैदानात एक मीटर उंचीची काठी रोवून आम्ही दर दहा मिनिटांनी सावली मोजली. सर्वांत लहान सावलीची वेळ म्हणजे मध्यान्ह, एवढाच विचार त्यामागे होता. प्रत्यक्षात साडेबारापासून एक वाजेपर्यंत प्रत्येक नोंद जवळजवळ सारखीच, ६२ सेंटिमीटरच्या आसपास आली. मध्यान्हीच्या सुमारास सूर्याची उंची फारच सावकाश बदलते, त्यामुळे त्या दिवसांत एवढ्या काठीची सावली मध्यान्हीनंतरच्या दहा मिनिटांत जेमतेम दोन मिलिमीटर वाढते. शिवाय सूर्य हा बिंदू नसून तबकडी असल्यामुळे सावलीचे टोक सेंटिमीटरभर अस्पष्ट असते. सेंटिमीटरभर धूसर असलेल्या टोकावरून दोन मिलिमीटरचा फरक ओळखणे शक्यच नव्हते.

तेव्हा मला शंकूची जुनी पद्धत आठवली. कात्यायन शुल्बसूत्रात पूर्व-पश्चिम दिशा ठरवण्यासाठी सपाट जमिनीवर उभा खुंटा, म्हणजेच शंकू, रोवून त्याच्याभोवती वर्तुळ काढायला सांगितले आहे. सकाळी लांब असलेली सावली आखडत येते आणि तिचे टोक एका क्षणी वर्तुळाला आतल्या बाजूने ओलांडते. दुपारनंतर ती पुन्हा वाढते आणि टोक वर्तुळाबाहेर पडते. या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. आम्हाला दिशेबरोबर वेळही हवी होती, आणि ती याच खुणांमधून मिळते, कारण दोन्ही क्षणी सूर्य सारख्याच उंचीवर असतो आणि मध्यान्ह त्यांच्या बरोबर मध्ये येते. सावली भराभर बदलत असते अशा वेळी मोजमाप होते, म्हणून धूसर टोकाचा त्रास फार होत नाही.

एका मुलाचे वडील गवंडी होते. त्यांनी पाणसळ आणि ओळंबा दिला. काठी किंचित पूर्वेला किंवा पश्चिमेला झुकलेली असली तर मध्यान्हीची वेळ त्या बाजूने सरकते, त्यामुळे काठी ओळंब्यात आणण्यासाठी मुलांनी जवळजवळ अर्धा तास घेतला. मोबाइलच्या वेळेशी जुळवलेले एक घड्याळ शेजारी ठेवले. ११ फेब्रुवारीला एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर सावलीचे टोक सकाळी १० वाजून ३८ मिनिटांनी आणि दुपारी २ वाजून ५८ मिनिटांनी आले. ८० सेंटिमीटरच्या वर्तुळावर त्या वेळा ११ वाजून १८ मिनिटे आणि २ वाजून १८ मिनिटे अशा होत्या. दोन्हींचा मध्य १२ वाजून ४८ मिनिटे निघाला. आजीच्या पावणेएकात आणि त्यात फक्त तीन मिनिटांचे अंतर होते. फेब्रुवारीत भिंत एका अंशाने तिरकी असली तरी दोन मिनिटांचा फरक पडतो, हे लक्षात घेतले तर आजीचे निरीक्षण किती नेमके होते ते कळते.

आता कारण शोधायचे होते. भारताची प्रमाण वेळ उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, हे वाक्य मी त्या मुलांकडून पाठ करून घेतले होते. आमचे गाव सुमारे ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून साडेआठ अंशांची ३४ मिनिटे होतात. मिर्झापूरकडची मध्यान्ह होऊन गेल्यावर ३४ मिनिटांनी आमच्याकडे मध्यान्ह होते. मी मोठ्या समाधानाने फळ्यावर १२ वाजून ३४ मिनिटे असे लिहिले.

त्याच मुलीने पुन्हा हात वर केला. "सर, पण आपले ४८ आले होते. मग १४ मिनिटे कुठे गेली?"

मोजमापात थोडीफार चूक होतेच, असे मी म्हणालो. तिला ते पटले नाही. चूक असती तर एका वर्तुळाचा मध्य पुढे आणि दुसऱ्याचा मागे गेला असता, दोन्ही वर्तुळे एकच वेळ का दाखवतील, असे तिचे म्हणणे होते. तिचा मुद्दा अगदी योग्य होता आणि मी केलेला खुलासा खरे तर खुलासा नव्हताच. दुसऱ्यांदा मला उत्तर येत नव्हते, आणि या वेळी तर मी ते जवळजवळ झाकून टाकले होते. फळ्याच्या कोपऱ्यात "१४ मिनिटे" असे लिहिले गेले.

पुढचा धागा एका मुलाने घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातून आणला. त्यात मुंबईच्या सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या होत्या. या दोन वेळांचा मध्य म्हणजेच मध्यान्ह, हे त्याला वर्तुळाच्या दोन खुणांवरून सुचले, आणि मला आजही त्या सुचण्याचे फार कौतुक वाटते. फेब्रुवारीच्या मध्याला हा मध्य १२ वाजून ५३ मिनिटांच्या आसपास येत होता. मुंबई आमच्या पश्चिमेला सव्वा अंशाच्या आत आहे, म्हणजे तिथे सुमारे पाच मिनिटे उशीर व्हायलाच हवा. त्यामुळे आमचे ४८ बरोबर ठरले. पण त्याने सगळे महिने उतरवून आणले होते, आणि मुंबईची मध्यान्ह वर्षभर एका जागी राहतच नव्हती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२ वाजून २२ मिनिटांवर होती. रेखांश तर वर्षभर तोच असतो.

आम्ही १५ एप्रिलला तेच पुन्हा मोजले. सकाळची शाळा सुटल्यावरही सातआठ मुले दुसऱ्या खुणेसाठी थांबली. अर्ध्या मीटरच्या वर्तुळावर १० वाजून ५० मिनिटे आणि २ वाजून १८ मिनिटे अशा वेळा मिळाल्या. मध्य १२ वाजून ३४ मिनिटे होता. काठी तीच होती, जागा तीच होती, आणि १४ मिनिटे नाहीशी झाली होती. ६३ दिवसांत सूर्याने दररोज सरासरी तेरा सेकंद भरून काढले होते.

याचे कारण मी दरम्यानच्या काळात वाचून समजून घेतले होते. एका मध्यान्हीपासून दुसऱ्या मध्यान्हीपर्यंतचा काळ रोज बरोबर २४ तास नसतो, तो काही सेकंदांनी कमीजास्त होतो. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्य रोज सुमारे एक अंश पूर्वेकडे सरकताना दिसतो आणि तेवढे अंतर भरून काढण्यासाठी पृथ्वीला पूर्ण फेरीपेक्षा थोडे जास्त फिरावे लागते. हे पूर्वेकडचे सरकणे सारखे नसते. त्याला दोन कारणे आहेत. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा तिचा वेग जास्त असतो. दुसरे म्हणजे सूर्याचा मार्ग विषुववृत्ताशी साडेतेवीस अंशांनी कललेला आहे.

पहिले कारण मला सांगूनच भागवावे लागले, दुसरे मात्र दाखवता आले. पृथ्वीगोलावर आम्ही एक दोरा तिरका बांधला, तो एका बाजूला कर्कवृत्ताला आणि दुसऱ्या बाजूला मकरवृत्ताला टेकेल असा. त्याचे बारा समान भाग करून खुणा केल्या आणि प्रत्येक भाग किती रेखांश व्यापतो ते मुलांनी मोजले. विषुववृत्ताजवळचा भाग सुमारे २८ रेखांश व्यापत होता, कर्कवृत्ताजवळचा ३२. दोऱ्याची लांबी सारखीच होती. पण विषुववृत्ताजवळ त्यातला काही भाग उत्तर-दक्षिण सरकण्यात खर्च होतो आणि कर्कवृत्ताजवळ रेखावृत्ते एकमेकांच्या जवळ आलेली असतात. डिसेंबर-जानेवारीत दोन्ही कारणे एकाच बाजूने काम करतात, मध्यान्ह रोज थोडी मागे पडत जाते आणि फेब्रुवारीत उशीर १४ मिनिटांवर पोहोचतो. मार्चमध्ये सूर्य विषुववृत्तापाशी येतो आणि उशीर भरून निघू लागतो. या फरकाला कालसमीकरण म्हणतात. हा शब्द मी मुलांना सर्वांत शेवटी सांगितला.

फळ्याचा कोपरा एप्रिलअखेर पुसला गेला, तरी त्या मुलीचे काम संपले नव्हते. कॅलेंडरावरून तिने भाकीत केले होते की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आजीचे बारा घड्याळाच्या १२ वाजून १७-१८ मिनिटांना वाजतील. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती, आता आठवीत गेलेली, वहीचे पान घेऊन आली. तीन दिवसांच्या नोंदी होत्या: १२:१९, १२:१७, १२:१८. आजीला तिने सगळे समजावून सांगितले होते. आजीने एवढेच विचारले होते की मग हे घड्याळ कुणाच्या गावचे आहे, आणि नातीने उत्तर दिले होते, "मिर्झापूरकडचं."