मेथोट्रेक्सेटचा उतारा ५-एफयूचा जोर का वाढवतो?

प्रश्न: आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आहे, त्रास होऊ नये म्हणून सोबत फॉलिक अॅसिड. मामांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी ५-एफयू देतात आणि आधी ल्युकोव्होरिन लावतात, म्हणे त्याने औषधाचा जोर वाढतो. दोन्ही एकाच व्हिटॅमिनची रूपं आहेत ना? मग एकीकडे उतारा आणि दुसरीकडे जोर, हे कसं? आणि ही औषधं पटपट वाढणाऱ्या पेशीच का गाठतात?

उत्तर:

मी नागपुरात मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना बायोकेमिस्ट्री शिकवते. तुमच्या घरातली दोन्ही औषधं पेशीतल्या एकाच कामाला अडवतात, पण वेगवेगळ्या टोकांनी. ते काम नीट दिसलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो. ए आणि जी ही प्युरीन, सी आणि टी ही पिरिमिडीन. पेशी प्युरीनचं कडं साखर-फॉस्फेटवर एकेक अणू चढवत बांधते, तर पिरिमिडीनचं कडं आधी तयार करून मग साखरेला जोडते. चौघांत टी वेगळा. आरएनएत त्याच्या जागी यू असतो, म्हणजे टी लागतो तो जवळपास फक्त डीएनएसाठीच. आणि तो यूपासूनच बनतो: यूच्या पाचव्या कार्बनवर एक मिथाइल, म्हणजे एका कार्बनचा छोटा गट, बसवला की झाला टी. हे बसवणारं एन्झाइम म्हणजे थायमिडिलेट सिंथेज, आणि तो एक कार्बन त्याला आणून देतं फोलेट.

आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक काकू होस्टेलच्या मुलांसाठी मेस चालवतात. वर्गात मी त्यांच्याच डब्यांचं उदाहरण देते. फोलेट म्हणजे डबा. त्यात एक कार्बन भरून जातो, उतरतो, डबा परत येतो. प्युरीनच्या कड्यालाही दोन कार्बन याच डब्यांतून मिळतात, पण तिथून डबा स्वच्छ परत येतो, लगेच पुन्हा भरता येतो. टी बनवताना मात्र फोलेट कार्बनसोबत स्वतःचे हायड्रोजनही देऊन बसतं आणि डायहायड्रोफोलेट होऊन परततं, म्हणजे खरकटा डबा. तो घासून पुन्हा टेट्राहायड्रोफोलेट करणारं एन्झाइम म्हणजे डीएचएफआर. मेथोट्रेक्सेट दिसायला फोलेटसारखंच असल्यामुळे ते या घासणाऱ्याचेच हात धरून ठेवतं.

परवा काकू दारातच म्हणाल्या, "आज बाई नाही आली, डबे घासाले कोणी नाही." सुट्टीचे दिवस होते, पाच-सहाच डबे जायचे होते, म्हणून निभावलं. परीक्षेच्या दिवसांत हेच झालं असतं तर दुपारपर्यंत सगळे डबे खरकटे होऊन चूल थांबली असती.

पेशीचंही असंच आहे. माणसाच्या एका पेशीत डीएनएच्या अक्षरांच्या साधारण ६४० कोटी जोड्या असतात. एकाच्या दोन पेशी व्हायच्या तर १,२८० कोटी नवी अक्षरं लागतात. त्यातला जवळपास ३० टक्के टी, म्हणजे सुमारे ३८० कोटी. डीएनएची नक्कल करायचा काळ, ज्याला एस फेज म्हणतात, तो साधारण आठ तासांचा. भागाकार करा, सेकंदाला १ लाख ३० हजारांच्या आसपास टी लागतो. थोडा टी जुन्या मालातून परत वापरला जातो, पण उरलेल्या प्रत्येक टीमागे एक डबा खरकटा होतो. विभागणी न होणाऱ्या स्नायूच्या किंवा मेंदूच्या पेशीत हे चाक जवळजवळ थांबलेलंच असतं. तिथे डीएचएफआर अडवलं तरी डबे खरकटे होतच नाहीत, म्हणून नुकसान थोडं. सापळा तोच, पण तो मिटतो चाक फिरत असेल तिथेच. "ही औषधं पटपट वाढणाऱ्या पेशी ओळखतात" असं जे लिहिलं जातं ते मला पटत नाही. औषध काहीच ओळखत नाही.

टी संपला की पेशी नुसती थांबून राहत नाही. यू साचतो आणि टीच्या जागी डीएनएत शिरू लागतो. दुरुस्ती करणारी एन्झाइमं तो कापून काढतात, पण भरायला टी नसतो, पुन्हा यूच बसतो, पुन्हा कापाकापी होते. शेवटी डीएनएचे तुकडे पडतात आणि पेशी मरते.

आता तुमच्या मामांचं ५-एफयू. चार्ल्स हायडलबर्गर आणि सहकाऱ्यांनी ते १९५७ मध्ये जाहीर केलं. यू ज्यापासून बनतो त्या युरासिलच्या पाचव्या कार्बनवरचा हायड्रोजन काढून तिथे फ्लुओरीन बसवलेलं, एवढाच बदल. फ्लुओरीन आकाराने हायड्रोजनच्या जवळचं, त्यामुळे पेशी फसते आणि त्याचा न्यूक्लिओटाइड, म्हणजे एक नकली यू, बनवते. थायमिडिलेट सिंथेज तो हातात घेतं, कार्बनचा भरलेला डबाही जोडतं. आता पाचव्या कार्बनवरचा हायड्रोजन सुटायला हवा, पण तिथे आहे फ्लुओरीन, आणि ते सुटत नाही. एन्झाइम, नकली यू आणि फोलेट तिघेही एकमेकांत घट्ट अडकून पडतात.

तुमच्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. हा अडकाव पक्का व्हायला तिसरा, म्हणजे भरलेला डबा, हजर लागतो. तो नसेल तर नकली यू सैल बसतो आणि सुटूनही जातो. ल्युकोव्होरिन म्हणजे आधीच घासलेल्या डब्यांचा बाहेरून आलेला गठ्ठा. ते आधी दिलं की पेशीत डबे भरपूर होतात आणि जास्तीत जास्त एन्झाइम कायमचं अडकतं. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत अडचणच डब्यांच्या टंचाईची असते, म्हणून तिथे हाच गठ्ठा पेशीला वाचवतो. पदार्थ तोच, अडथळ्याची जागा वेगळी.

फॉलिक अॅसिड आणि ल्युकोव्होरिन यांतही एक मोठा फरक आहे. फॉलिक अॅसिड म्हणजे न घासलेले डबे, ते वापरात यायला डीएचएफआरच लागतं. संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम असतं. एवढ्या डोसात ते पेशी मारून नाही, तर मुख्यतः प्युरीनच्या वाटेवर एक टप्पा अडवून, अॅडेनोसिन वाढवून सूज कमी करतं असं मानलं जातं. डीएचएफआर थोडंफार चालू असतं, म्हणून फॉलिक अॅसिड पुरतं. मेथोट्रेक्सेट जास्त झालं तर मात्र पुरत नाही. हे मी घरातच पाहिलंय.

माझ्या मावशीला दर गुरुवारी मेथोट्रेक्सेट १० मिलिग्रॅमची एक गोळी होती, आणि फॉलिक अॅसिड इतर दिवशी. दोन्ही गोळ्या पिवळ्या, लहान. नवी औषधं आणली तेव्हा अदलाबदल झाली: फॉलिक अॅसिड गुरुवारी आणि मेथोट्रेक्सेट रोज. मे महिना होता. सातव्या दिवशी तोंड आलं. घरच्यांना वाटलं ऊन लागलं, म्हणून सब्जा आणि गुलकंद सुरू झालं. नवव्या दिवशी वरणभाताचं पाणीही गिळवेना, अंगात ताप आला, दंडावर निळे डाग दिसले. दहाव्या दिवशी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी १,६००, प्लेटलेट ४२,००० आणि हिमोग्लोबिन १०.२.

हे आकडे बघताना मला ती चाकं दिसत होती. तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर काही दिवसांतच नवं होतं, म्हणून पहिली तक्रार तिथली. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट रक्तात थोडेच दिवस टिकतात, हाडांतल्या मज्जेतून नव्या आल्या नाहीत की आठवडा-दीड आठवड्यात आकडा कोसळतो. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून हिमोग्लोबिन फारसं उतरलं नव्हतं. डॉक्टरांनी दर सहा तासांनी ल्युकोव्होरिनची इंजेक्शनं लावली, सलाइन दिलं, किडनी तपासली, कारण मेथोट्रेक्सेट बाहेर पडतं ते लघवीवाटेच. पेशीत शिरलेल्या औषधाला ग्लुटामेटची शेपटी लागते आणि ते आत अडकून राहतं. आठवड्याला एकच गोळी पुरते ती याचमुळे, आणि रोजची गोळी जीवावर येते तीही याचमुळे. मावशीच्या पांढऱ्या पेशी ४,००० वर यायला अकरा दिवस लागले.

मामांनाही तोंड येणं, जुलाब होणं, पेशी उतरणं याच कारणाने होतं, आणि ल्युकोव्होरिनने औषधाचा जोर वाढतो तसा हा त्रासही वाढतो. अस्तराची निरोगी पेशी आणि कॅन्सरची पेशी, दोघींचं चाक फिरतंय. उलट, कॅन्सरची जी पेशी त्या वेळी नक्कल करत नसते ती बरीचशी निसटते. ५-एफयू रक्तात काही मिनिटांतच निम्मं होतं, म्हणून अनेकांना ते पंपाने ४६ तास सावकाश देतात, की तेवढ्या वेळात जास्त पेशी एस फेजमध्ये सापडाव्यात. तरी एका फेरीत सगळ्या सापडत नाहीत, म्हणून दर दोन आठवड्यांनी पुन्हा. ५-एफयू आरएनएतही शिरतं, त्यामुळे त्याचा मार काटेकोरपणे नक्कल करणाऱ्या पेशींपुरताच राहत नाही, हेही खरं.

५-एफयूचा बराचसा भाग डीपीडी नावाचं एन्झाइम मोडून टाकतं, मुख्यतः यकृतात. काही माणसांत ते जन्मतःच कमी असतं. त्यांना पहिल्याच फेरीत, पहिल्या काही दिवसांत, फार जुलाब होतात आणि तोंड खूप सोलतं. मामांची पहिली फेरी नीट गेली असेल तर ही भीती बरीच कमी, पण असं काही झालं असेल तर पुढच्या फेरीआधी डॉक्टरांना नक्की सांगा.

हे फोलेट आपल्याला कळलं त्यात मुंबईचाही वाटा आहे. १९२८ नंतर ल्युसी विल्स यांनी तिथल्या गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांचा एक जातीचा अॅनिमिया यीस्टच्या अर्काने बरा होतो हे दाखवलं, आणि त्या अर्कातला घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. त्या बायकांच्या मज्जेतही डबेच कमी पडले होते. पुढे फोलेटचा वेश घेतलेलं अॅमिनोप्टेरिन येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केलं, आणि सिडनी फार्बर यांनी ते बोस्टनमध्ये रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना दिलं. १९४८ मध्ये त्यांनी १६ मुलांची हकीकत छापली. त्यातल्या १० जणांना काही काळ आराम पडला होता. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच भावंड.

आईंच्या दोन्ही पट्ट्या आज एकदा काढून बघा. मेथोट्रेक्सेटच्या पट्टीवर वाराचं नाव मार्करने मोठं लिहा, ती फॉलिक अॅसिडपासून वेगळ्या डब्यात ठेवा, आणि कुठलीही दुखण्यावरची गोळी सुरू करायची तर डॉक्टरांना विचारूनच, कारण काही वेदनाशामकांमुळे किडनीतून मेथोट्रेक्सेट बाहेर पडणं मंदावतं. तोंड आलं, ताप आला किंवा अंगावर निळे डाग दिसले, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि रक्त तपासून घ्या.