गेटवरचे आठ तास आराम म्हणून धरायचे का?

प्रश्न: वकीलसाहेब, मी एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ट्रकवर ड्रायव्हर आहे. मालकाच्या चौदा गाड्या आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एके दिवशी सकाळी सहाला यार्डात हजर झालो, गाडी तपासून साडेसहाला निघालो आणि नऊला कंपनीच्या गेटवर पोहोचलो. संध्याकाळी पाचपर्यंत लाइनीत होतो. पाच ते नऊ माल भरला, मोजून घेतला, ताडपत्री बांधली. साडेनऊला कागद मिळाले, जेवून सव्वादहाला निघालो. सकाळी माल पोहोचलाच पाहिजे म्हणून मालकाचे फोन सुरूच होते. पहाटे तीनला डोळा लागला आणि गाडी दुभाजकावर गेली. कोणाला लागलं नाही, पण पोलिसांनी माझ्यावर गुन्हा नोंदवला. मालक म्हणतो, "गाडी तू सव्वासात तासच चालवलीस, दिवसभर गेटवर आरामच केलास." दुरुस्तीचा खर्च दर महिन्याच्या पगारातून कापतोय. जास्त तास काम करायला हरकत नाही अशी सही त्याने कामावर घेतानाच घेतली होती. विरोध केला तर घरी बस म्हणतो. माझं काही चालेल का?

उत्तर: चालेल, आणि बऱ्यापैकी चालेल. पण गुन्ह्याच्या प्रकरणात नाही, पगाराच्या प्रकरणात. ही दोन प्रकरणं डोक्यात वेगळी ठेवा. का ते पुढे सांगतो.

त्या दिवशी तुमच्या कामाला मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ लागू होता. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला तो लागू व्हायचा, त्यामुळे चौदा गाड्यांचा मालक त्यातून सुटत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० आली. तरी जुना कायदा रद्द झाला म्हणून त्याच्याखाली आधीच मिळालेले हक्क बुडत नाहीत, हे सर्वसाधारण खंड अधिनियमाचं कलम ६ सांगतं. तेव्हा तुमचा ऑक्टोबरचा हिशेब जुन्याच मापाने करायचा.

मालकाची चलाखी अशी की तो फक्त स्टिअरिंगवरचे तास मोजतो. सकाळचे अडीच आणि रात्रीचे पावणेपाच मिळून सव्वासात तास होतात, आणि दिवसाला मर्यादा आठ तासांची, म्हणून त्याला वाटतं आपण सुटलो. कायदा मात्र कामाचे तास मोजतो. गाडीची देखभाल, माल भरणं-उतरवणं, कागद आणि नोंदवहीची कामं हे सगळं त्यात धरलं जातं. म्हणजे सकाळच्या तपासणीचा अर्धा तास, भरणीचे चार तास आणि कागदांचा अर्धा तास मिळवल्यावर बेरीज सव्वाबारा तासांवर जाते. गेटवरचा एक मिनिटही न धरता! या हिशेबानेसुद्धा तुमचे आठ तास रात्री पावणेअकराला, म्हणजे गाडी काढल्यावर अर्ध्या तासातच, संपले होते.

आता गेटवरचे आठ तास. इथे मालकाला थोडी जागा आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर तो कामात धरावा, असं कायद्यात लिहिलं आहे, आणि त्याचा वकील यावर बोट ठेवून म्हणेल की लांबलेली वाट पाहणं म्हणजे काम नव्हे. पण त्याच व्याख्येची सुरुवात सांगते की कामगार मालकाच्या दिमतीला असेल तो वेळ म्हणजे कामाचा वेळ. गाडी थांबलेली असतानाचा वेळ वगळायचा तर त्या वेळात माणूस स्वतःच्या मर्जीने वागायला मोकळा असावा लागतो, किंवा तो गाडीच्याच दुसऱ्या कामात असावा लागतो, आणि ते दुसरं काम वेगळं मोजलं जातंच. म्हणून मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे: त्या लाइनीत गाडी किती वेळा पुढे घ्यावी लागली? चावी कोणाकडे होती? गाडी सोडून कुठे जाऊन झोपता आलं असतं का? दर थोड्या वेळाने गाडी पुढे सरकवावी लागत असेल तर ते आठ तास आराम नव्हते, आणि दिवसाची बेरीज सव्वावीस तासांवर जाते. याउलट टोकन देऊन "पाचला या" असं सांगितलं असेल आणि तुम्ही विश्रांतीच्या खोलीत झोपला असाल, तर हा भाग आपला कच्चा आहे.

तरीही माझ्या मते प्रकरण या वादावर अडणार नाही. कायद्यात आणखी एक मोजमाप आहे, ते ड्रायव्हर मंडळींना क्वचितच माहीत असतं आणि मालकांना माहीत असूनही सोयीने आठवत नाही. कामावर हजर झाल्यापासून सुटेपर्यंतचा एकूण पसारा, मधल्या विश्रांतीसकट, बारा तासांच्या पुढे जाता कामा नये. मालकाचं म्हणणं संपूर्ण खरं मानू, गेटवर तुम्ही घोरत पडला होता असं समजू. तरी सकाळी सहाला सुरू झालेला दिवस संध्याकाळी सहाला संपायला हवा होता. त्या वेळी तर भरणी निम्मीही झाली नव्हती. तिथून पुढे, अपघातापर्यंतचे नऊ तास तुम्ही ज्या गाडीवर होता ती रात्रीची फेरी कायद्याने होऊच शकत नव्हती. दुसरा ड्रायव्हर पाठवणं किंवा माल सकाळी हलवणं, एवढेच मार्ग मालकापुढे होते.

मालक अपवाद पुढे करेल. लांब पल्ल्याच्या ठरवून जाहीर केलेल्या मार्गांवर, अधिकाऱ्याच्या मंजुरीने, दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्न तासांपर्यंत काम घेता येत असे. मंजुरीचा कागद मागा. असला तरी सव्वाबारा तास दहात बसत नाहीत, आणि पसाऱ्याची मर्यादा त्याने वाढत नाही. दुसरा अपवाद गाडी बिघडणं, वाहतूक खोळंबणं किंवा नैसर्गिक आपत्ती यांचा होता. कंपनीच्या गेटवर रोजच लागणारी लाइन त्यात मोडते असं म्हणायला बरंच धाडस लागेल.

सहीच्या कागदाची चिंता सोडा. या कायद्याशी विसंगत करार असेल तर कायदाच वरचढ राहतो, असं त्याच्या कलम ३७ मध्ये आहे. तुमच्या 'हरकत नाही'ने मर्यादा हलत नाही.

एक मुद्दा मात्र तक्रारीत जपून लिहा. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हवी, हा नियम सगळ्यांच्या तोंडी असतो, म्हणून तो पहिल्याच ओळीत लिहिला जातो. तुमचा रात्रीचा टप्पा पावणेपाच तासांचा आहे आणि त्याआधी पाऊण तास जेवणाचा गेला. तिथे हा नियम मोडलेला नाही. तो मोडला असेल तर दिवसा, म्हणजे गेटचे तास काम म्हणून सिद्ध झाले तरच. चुकीच्या ठिकाणी जोर लावला की बाकीचं खरं म्हणणंही हलकं पडतं. त्याऐवजी आदल्या रात्री कधी सुटला होता ते आठवा. एका दिवसाची ड्युटी संपल्यापासून दुसऱ्या दिवसाची सुरू होईपर्यंत सलग नऊ तास विश्रांती हवी, म्हणजे आदल्या रात्री नऊच्या नंतर सुटला असाल तर तो आणखी एक भंग.

आता पुरावा. तास तोंडी सांगून ठरत नाहीत, पण ट्रकइतका कागद मागे सोडणारी नोकरी विरळाच. गेटपासवर आत-बाहेरची वेळ असते, वजनकाट्याच्या पावतीवर असते, ई-वे बिल कधी बनलं ते नोंदलेलं असतं, फास्टॅग प्रत्येक टोलनाक्याची वेळ सांगतो आणि जीपीएस तर गाडी लाइनीत किती वेळा सरकली तेही. यातलं बरंचसं मालकाच्या खात्यात आहे. म्हणून आजच लेखी अर्ज द्या की त्या तारखेची फास्टॅग आणि जीपीएसची नोंद जपून ठेवावी; पुढे ती नाहीशी झाली तर तो अर्जच तुमच्या बाजूने बोलेल. रात्रीचे फोन तुमच्या मोबाइलच्या कॉल यादीत आहेत, त्याचे फोटो काढून ठेवा. व्हॉट्सअॅपवरचे व्हॉइस मेसेज पुसू नका.

पगारकपातीचं बघू. कपात अजून चालू असल्याने आता वेतन संहिता, २०१९ लागू होते. नुकसानीपोटी कपात करायची तर ते नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणामुळेच थेट झालेलं असावं लागतं, कपातीआधी त्याला कारण दाखवायची संधी द्यावी लागते, आणि कपात नुकसानीपेक्षा जास्त असू शकत नाही. शिवाय ही तरतूद कामगाराच्या ताब्यात सांभाळायला दिलेल्या मालाबद्दल आहे. ट्रक त्यात येतो का, इथूनच वाद सुरू करता येईल. तुम्हाला नोटीस दिली होती का? बहुधा नाही. मग पुढचा प्रश्न विचारा: दुरुस्तीचा क्लेम विमा कंपनीकडून घेतला का? गाडीच्या नुकसानीचे पैसे विम्यातून मिळाले असतील तर तेच पुन्हा तुमच्या पगारातून वसूल करता येत नाहीत. हा प्रश्न लेखी विचारला की अनेक मालकांचा सूर बदलतो.

कपात परत मिळावी आणि आठ तासांवरच्या कामाचा मोबदला दुप्पट दराने मिळावा, असा एकत्र अर्ज कामगार आयुक्त कार्यालयात करा. दुप्पट दराबद्दल मालक म्हणेल की ती तरतूद मंजुरी घेऊन केलेल्या जादा कामापुरती होती. त्याला आपलं उत्तर असं की मंजुरी न घेणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा स्वस्तात सुटता येणार नाही. वेतन संहितेत अर्जाची मुदत तीन वर्षांची आहे, पण जुन्या वेतन कायद्यात ती बारा महिन्यांची होती. तेव्हा वर्षाच्या आतच अर्ज टाका, म्हणजे मुदतीचा वादच उरणार नाही.

आता गुन्हा. थकवा हा तिथे बचाव नाही, उलट झोप येत असूनही गाडी थांबवली नाही हाच निष्काळजीपणा म्हणून तुमच्यावर धरला जाईल. मालकाला त्यात ओढायला मोटार वाहन कायद्याचं कलम १८८ आहे: धोकादायक रीतीने गाडी चालवायला प्रवृत्त करणाऱ्याला तीच शिक्षा. त्यासाठी त्या रात्रीचे व्हॉइस मेसेज लागतील. कामगार कार्यालयातल्या अर्जात डोळा लागल्याचा उल्लेख करू नका. तिथे फक्त तास सिद्ध करायचे आहेत, आणि तिथे सहीनिशी लिहिलेलं वाक्य उद्या फौजदारी कोर्टात तुमच्याच विरोधात वाचलं जाऊ शकतं. अर्ज देण्याआधी गुन्ह्याचं काम पाहणाऱ्या वकिलाला तो दाखवाच.

कामाच्या तासांची नवी संहिता, म्हणजे २०२० ची, लागू व्हायला दहा किंवा जास्त कामगार लागतात. तुमच्या मालकाकडे तेवढे आहेत, त्यामुळे यापुढे जादा काम तुमच्या संमतीशिवाय घेता येणार नाही. ज्यांच्या मालकाकडे दोन-चारच गाड्या आहेत त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ धरावं. ते वाहतुकीच्या गाडीवरच्या कोणत्याही चालकाबद्दल बोलतं आणि त्यात कामगारांच्या संख्येची अट नाही. तिथे तासांसाठी जुन्या कायद्याचं नाव आहे, पण ते आता नव्या संहितेतल्या तरतुदींना लागू समजायचं.

'घरी बस' म्हटलं म्हणून घरी बसू नका. रोज हजर व्हा, गाडी दिली नाही तर त्याच दिवशी मालकाला मेसेज टाका की मी हजर होतो, काम दिलं नाही. राजीनाम्याच्या किंवा 'हिशेब मिळाला' अशा कोणत्याही कागदावर सही करू नका, कोरा कागद तर नकोच.