लेकाला रोज कोणती वाक्यं म्हणायला लावू?

"मुलगा पाचवीत आहे, डिस्लेक्सिया आहे. मी त्याला रोज सकाळी 'मी हुशार आहे, मी छान वाचतो' असं म्हणायला लावते, तर काल म्हणाला, आई हे खोटं आहे. आता काय म्हणायला लावू?"

ताई, तो बरोबर बोलला. वर्गात वाचताना अडकतो हे त्याला रोज दिसतं, मग 'छान वाचतो' म्हटलं की मन लगेच उलटा पुरावा काढून दाखवतं. कॅनडात मानसशास्त्रज्ञ जोआन वुड यांनी २००९ साली मोठ्या माणसांवर प्रयोग केला होता, त्यात ज्यांचा स्वतःवर आधीच विश्वास कमी होता त्यांना अशी गोड वाक्यं म्हणून उलट जास्त वाईट वाटलं.

मी बरीच वर्षं अशा मुलांचं रेमेडियल, म्हणजे वाचनासाठीचे खास जादा तास, घेते. माझा नियम एकच, ज्या वाक्याला या आठवड्यातला पुरावा नाही ते म्हणायचं नाही. सहावीतली एक मुलगी इतिहासाच्या धड्यात 'स्वातंत्र्य'ला अडली. पेन्सिल शब्दाखाली ठेवली, स्वा, तं, आणि त्र्य काही सुटेना, परत मागे गेली आणि तिसऱ्यांदा पूर्ण वाचला. मी 'शाब्बास' म्हटलं नाही, वहीत तारीख घालून तिनं काय काय केलं तेवढं लिहिलं आणि विचारलं, याला तू काय म्हणशील? ती म्हणाली, "अडलं की मी तोडून वाचते." बस, हेच वाक्य. तिच्या शब्दांत, तिनं केलेलं. आरशासमोर नाही, वर्गात तिचा नंबर यायच्या आधी मनात एकदा म्हणायची.

पुढे एका आठवड्यात ती अंदाजानं वाचायला लागली, 'क्षेत्र'चं 'चित्र' करून पुढे. तेव्हा आम्ही दोघींनी मिळून ते वाक्य तेवढ्यापुरतं काढून ठेवलं, आणि दहा-बारा दिवसांनी परत तोडून वाचायला लागल्यावर ते परत आलं. यामुळेच तिचा त्या वहीवर विश्वास बसला.

एका वेळी दोन-तीनच वाक्यं ठेवा आणि सगळी वाचनाचीच नकोत. धडा ऐकून त्याला सगळं नीट सांगता येत असेल तर "ऐकलेलं माझ्या लक्षात राहतं" हे चालेल, पण खरंच येत असेल तरच. "मला वेळ जास्त लागतो, तो मी मागून घेतो" हेही ठेवा. परीक्षेत जादा वेळ हा त्याचा हक्क आहे, उपकार नाही, त्यामुळे हे खाली मान घालून म्हणायचं वाक्य नाही.

'बिचारा, तरी किती प्रयत्न करतो' हे त्याच्यासमोर कुणालाच बोलू देऊ नका, आजीलासुद्धा. आणि 'डिस्लेक्सिया म्हणजे सुपरपॉवर' हेही नको, ती पॉवर त्याला सापडली नाही तर तो त्यातही स्वतःला नापास समजेल.

वाक्य म्हणताना आवाज सपाट झाला किंवा तो तुमच्याकडे बघत बघत म्हणायला लागला तर ते तुमच्यासाठी चाललंय असं समजा आणि बंद करा. आणि या वाक्यांनी वाचन सुधारत नाही हां, त्यासाठी रेमेडियल सेशन चालूच ठेवा. आज रात्री फक्त एवढंच विचारा, "आज कुठला शब्द अडला, मग तू काय केलंस?" तो सांगेल ते जसंच्या तसं लिहून घ्या.